खोट्या टिपांची रीतसर जाहिरात

एप्रिल २०२४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर स्वतःच्याच प्रमुखाबद्दल खुलासा करायची वेळ आली. व्यवस्थापकीय संचालक आशिषकुमार चौहान अमुक शेअर घ्या, तमुक विका, असा सल्ला देताना व्हिडिओंत दिसत होते. चेहरा त्यांचा, आवाज त्यांच्यासारखा, सोबत एक्स्चेंजचं बोधचिन्ह. हे व्हिडिओ बनावट आहेत, असं एक्स्चेंजनं जाहीर केलं. त्याच महिन्यात मुंबई शेअर बाजारालाही आपल्या प्रमुखांच्या बाबतीत तेच सांगावं लागलं. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांच्या खोट्या व्हिडिओंबद्दल इशारा दिला. त्याआधी जानेवारीत सचिन तेंडुलकरला एका गेमिंग अॅपची ‘जाहिरात’ करताना पाहून खुद्द सचिननंच ती बनावट असल्याचं सांगितलं होतं.

एक्स्चेंजच्या पत्रकातलं एक वाक्य मात्र नुसत्या इशाऱ्यापेक्षा कामाचं होतं. एक्स्चेंजच्या कर्मचाऱ्यांना कोणताही शेअर सुचवण्याची किंवा त्या शेअरमध्ये व्यवहार करण्याची मुभाच नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे तो व्हिडिओ खोटा आहे हे कळायला चेहरा न्याहाळण्याची गरजच नव्हती. त्या खुर्चीवरचा माणूस ते बोलूच शकत नाही, एवढं माहीत असलं तरी पुरे होतं.

बनावट व्हिडिओ ओळखण्याचे जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक ओठांच्या हालचालीपाशी अडकलेले असतात. पापण्या लवतात का, दात सरकतात का, मान वळली की गाल वितळतो का. दोन-तीन वर्षांपूर्वी याचा थोडाफार उपयोग होत असे. आता पुष्कळदा मूळ मुलाखत खरीच असते आणि त्यावर नवा आवाज चढवून फक्त तोंडाजवळचा भाग बदललेला असतो. तळहाताएवढ्या पडद्यावर, लोकलच्या गर्दीत, ते पकडणं तज्ज्ञालाही अवघड. तेव्हा ओठांचा नाद सोडावा आणि तीन साधे प्रश्न विचारावेत. हा माणूस या पदावर असताना हे बोलू शकतो का? ही जाहिरात दाखवण्यासाठी पैसे कोणी भरले? आणि बटण दाबल्यावर ती आपल्याला कुठे नेते?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सहसा लगेच मिळतं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या नावानं फिरणाऱ्या अशा अनेक चित्रफिती केंद्र सरकारच्या ‘पीआयबी फॅक्ट चेक’नं खोट्या ठरवल्या आहेत. त्यांतल्या काहींत एकवीस-बावीस हजार रुपये भरा आणि रोज हजारो कमवा, असा ‘सरकारी’ प्रस्ताव असतो. हा आकडा कुठून येतो? जगभरच्या अशा बनावट ट्रेडिंग संकेतस्थळांवर सुरुवातीची रक्कम वर्षानुवर्षं २५० डॉलर राहिली आहे, आणि २५० डॉलरचे रुपये साधारण तेवढेच होतात. म्हणजे भारताच्या अर्थमंत्र्यांच्या तोंडी घातलेली ‘योजना’ परदेशी साच्यातून काढलेली असते. बदलतो तो फक्त चेहरा आणि चलन.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नासाठी मुंबईतलंच एक प्रकरण बघावं. एप्रिल २०२४ मध्ये अंधेरीतल्या एका आयुर्वेदिक डॉक्टरांना इन्स्टाग्रामवर एक रील दिसलं. त्यात मुकेश अंबानी एका ट्रेडिंग गटाची भलामण करत होते आणि त्यांच्या ‘अकॅडमी’त सामील व्हा, असं सांगत होते. डॉक्टरांनी डोळे झाकून उडी मारली नाही. त्यांनी इंटरनेटवर शोध घेतला. त्या संस्थेची लंडन आणि वांद्रे-कुर्ला संकुल अशा दोन ठिकाणी कार्यालयं असल्याचं दिसलं आणि विश्वास बसला. मग पैसे जाऊ लागले. जूनपर्यंत सोळा वेगवेगळ्या बँक खात्यांत मिळून सात लाखांहून अधिक रुपये गेले. संकेतस्थळावर नफा तीस लाखांचा दिसत होता. तो काढता येईना, तेव्हा प्रकार लक्षात आला आणि ओशिवरा पोलिसांत तक्रार झाली.

या हकिगतीत अंबानींचा व्हिडिओ ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. महत्त्वाच्या आहेत त्या दोन. एक म्हणजे डॉक्टरांनी केलेली शहानिशा. कंपनीचं नाव शोधपट्टीत टाकून बघणं ही शहानिशा नव्हे, कारण ज्यांनी जाहिरात बनवली त्यांनीच शोधात सापडणारी पानंही बनवलेली असतात. पत्ता वांद्र्याचा टाकायला वांद्र्यात जावं लागत नाही. शहानिशा करायची ती समोरच्यानं दिलेल्या दुव्यावर नव्हे, तर सेबीच्या sebi.gov.in या संकेतस्थळावर जाऊन. संशोधन विश्लेषकाचा नोंदणी क्रमांक INH या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा INA नं आणि शेअर दलालाचा INZ नं. ठग सेबीचं बनावट प्रमाणपत्र ग्रुपवर टाकतात, कधी दुसऱ्याच कुणाचा खरा क्रमांकही वापरतात. म्हणून क्रमांक जुळला तरी थांबू नये. यादीत त्या नावापुढे जो फोन आणि ईमेल दिलेला असतो त्यावर स्वतः संपर्क करून विचारावं, ‘हा ग्रुप तुमचाच का?’

दुसरी गोष्ट म्हणजे सोळा खाती. खऱ्या दलालाचं खातं आज एका फर्निचरवाल्याच्या नावावर आणि उद्या एखाद्या ट्रेडिंग कंपनीच्या नावावर नसतं. ही खाती भाड्यानं घेतलेली असतात. एक गोठलं की पुढचं. इथं सेबीनं ऑक्टोबर २०२५ पासून एक चांगली सोय केली आहे. नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंडांसाठी खास यूपीआय पत्ते ठरवले गेले. त्यांत @valid हा शब्द आणि त्याला जोडून बँकेचं नाव असतं, आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. समोरचा स्वतःला नोंदणीकृत दलाल म्हणवतो आणि कुणा प्रोप्रायटरच्या साध्या खात्यावर पैसे मागतो, एवढ्यावर व्यवहार संपवायला हरकत नाही. ‘सेबी चेक’ या सुविधेत यूपीआय पत्ता किंवा खाते क्रमांक तपासताही येतो.

जाहिरात आणि बँक खातं यांच्या मधला मुक्काम म्हणजे व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामचा ग्रुप. तिथे कुणी ‘प्रोफेसर’ असतो, त्याची साहाय्यक असते आणि ‘सर, आज चाळीस हजार सुटले’ असं रोज लिहिणारे सभासद असतात. त्यांतले बरेचसे त्याच टोळीतले. (इतका नफा कमावणाऱ्या माणसाला अनोळखी लोकांचा ग्रुप चालवायला वेळ कुठून मिळतो, हे कुणी विचारत नाही.) मग एक अॅप उतरवून घ्यायला सांगतात. त्यात शेअर खरेदी होतात, आयपीओ हमखास मिळतो, आकडे हिरवे राहतात. डीमॅट खातं का लागत नाही, या प्रश्नावर उत्तर तयार असतं: आपण परदेशी गुंतवणूकदारांच्या ‘संस्थात्मक खात्या’तून व्यवहार करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीनं यावर स्पष्ट पत्रक काढलं. परदेशी गुंतवणूकदारांचा तो मार्ग भारतात राहणाऱ्यांना काही मोजके अपवाद सोडता खुला नाही, आणि शेअर बाजारात असं ‘संस्थात्मक खातं’ नावाची चीजच नाही.

अॅप खरं की खोटं हे ओळखायचा एक उपाय आहे, आणि तो पैसे भरून चुकलेल्यालाही वापरता येतो. भारतात खरोखर शेअर घेतला की त्याची नोंद सीडीएसएल किंवा एनएसडीएल या दोनपैकी एका डिपॉझिटरीत होते आणि बाजाराकडून, डिपॉझिटरीकडून नोंदवलेल्या मोबाइलवर वा ईमेलवर संदेश येतात. अॅपमध्ये पाच लाखांचे शेअर दिसताहेत, पण असा एकही संदेश आला नाही आणि डिपॉझिटरीच्या विवरणात त्या शेअरचं नाव नाही, तर शेअर घेतलेलेच नाहीत. पडद्यावर फक्त आकडे आहेत. पुढे पैसे काढताना ‘आधी नफ्यावरचा कर भरा’ अशी मागणी येते. भांडवली नफ्यावरचा कर प्राप्तिकर खात्याकडे भरायचा असतो, ग्रुपच्या ॲडमिनकडे नाही. ती मागणी म्हणजे शेवटचा घास.

केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या आकड्यांनुसार जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत अशा ट्रेडिंग फसवणुकीच्या सुमारे वीस हजार तक्रारी आल्या आणि १,४२० कोटी रुपये गेले. भागाकार केला तर तक्रारीमागे सात लाख पडतात. अंधेरीच्या डॉक्टरांचे गेले साधारण तेवढेच.

नोकरीच्या जाहिरातींचा चेहरा वेगळा असला तरी वाट तीच. डिसेंबर २०२३ मध्ये गृहखात्यानं अशी शंभरावर संकेतस्थळं बंद केली, तेव्हा त्यांची रीत सविस्तर सांगितली होती. परदेशातले जाहिरातदार गूगल आणि मेटाच्या मंचांवर ‘घर बैठे जॉब’ यांसारखे शब्द वापरून वेगवेगळ्या भाषांत जाहिराती देतात. लक्ष्य असतं निवृत्त माणसं, महिला आणि बेरोजगार तरुण. जाहिरातीवर बोट ठेवलं की व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर एजंट बोलू लागतो. काम सोपं: व्हिडिओ लाइक करा, चॅनल सबस्क्राइब करा, नकाशावरच्या हॉटेलाला तारे द्या. सुरुवातीला थोडं कमिशन खरंच खात्यात येतं, आणि इथंच माणूस फसतो, कारण आलेला पैसा खरा असतो. त्यानंतरच्या ‘टास्क’साठी मात्र आधी स्वतःचे पैसे भरायचे असतात. रक्कम मोठी झाली की खातं गोठवलं जातं आणि ते ‘उघडण्यासाठी’ आणखी पैसे.

इथली कसोटी एका वाक्यात सांगता येते: पगार देणारा पैसे मागत नाही. नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाची अनामत, लॅपटॉपचा विमा, काहीही नाव असो. परदेशातल्या नोकरीच्या रीलला मात्र ही कसोटी पुरत नाही, कारण तिथे कधी कधी पैसे मागतच नाहीत. माणूसच हवा असतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीचं काम सांगून तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडच्या फसवणूक केंद्रांत नेऊन बसवलं गेलं. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं दोन विमानांतून अशा ५४९ जणांना परत आणलं. परदेशी नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे emigrate.gov.in वर बघता येतं. पर्यटक व्हिसावर नोकरीला पाठवणारा एजंट असेल तर बघायचीही गरज नाही.

आता तक्रारीकडे वळू. इथं बहुतेकांची पहिली चूक होते ती म्हणजे जाहिरात लपवणं. फेसबुक, इन्स्टाग्रामवर जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की ‘Hide ad’ आणि ‘Report ad’ असे दोन पर्याय येतात. पहिल्यानं जाहिरात फक्त तुमच्यापुरती नाहीशी होते. शेजारच्या काकांना ती दिसतच राहते. तक्रार होते ती दुसऱ्यानं. कारणांच्या यादीत ‘Scam’ किंवा ‘Fraud’ हा शब्द असलेलं कारण निवडावं. शब्दरचना अधूनमधून बदलते, पण ‘आवडत नाही’ किंवा ‘माझ्या कामाची नाही’ या अर्थाचं कारण निवडू नये. त्यातून कंपनीला फक्त तुमच्या आवडीनिवडी कळतात.

त्याआधी दोन मिनिटं पुरावा गोळा करण्यात घालवावीत, कारण पान ताजं झालं की जाहिरात निसटते. पडद्याचं छायाचित्र घ्यावं, जमल्यास पडदा रेकॉर्ड करावा, जाहिरात देणाऱ्या पेजचं नाव टिपावं. त्या पेजच्या माहितीत ‘Page transparency’ असा भाग असतो. पेज कधी सुरू झालं, आधी त्याचं नाव काय होतं, ते चालवणारे कोणत्या देशात बसले आहेत, हे तिथे कळतं. ‘भारतीय शेअर मार्गदर्शन’ या पेजचं नाव गेल्या महिन्यापर्यंत एखाद्या परदेशी केशकर्तनालयाचं होतं, असं दिसलं की वेगळा पुरावा लागत नाही. facebook.com/ads/library या सार्वजनिक ग्रंथालयात त्या पेजचं नाव टाकलं तर त्याच्या चालू असलेल्या सगळ्या जाहिराती एकत्र दिसतात. एकाच पेजवरून अर्थमंत्री, क्रिकेटपटू आणि उद्योगपती असे तिघंही एकच अॅप सुचवत असतील, तर ते तिथे उघडं पडतं. प्रत्येक जाहिरातीचा ‘Library ID’ हा क्रमांकही तिथेच मिळतो. पोलिसांना आणि कंपनीला नेमकी जाहिरात दाखवायला तो सगळ्यात उपयोगी.

यूट्यूबवर एक घोटाळा होतो. व्हिडिओची तक्रार वेगळी आणि जाहिरातीची वेगळी. जाहिरात चालू असताना तिच्यावरच्या माहितीच्या खुणेवर बोट ठेवलं की गूगलचं ‘My Ad Center’ उघडतं. जाहिरातदाराचं नाव आणि देश तिथे दिसतो, आणि ‘Report ad’ही तिथेच. साधा व्हिडिओ असेल तर त्याखालच्या ‘Report’मधून ‘Spam or misleading’ या अर्थाचा पर्याय निवडायचा. जाहिरातीत वापरलेला व्हिडिओ पुष्कळदा चॅनलच्या यादीत दिसतच नाही, त्यामुळे नंतर चॅनलवर जाऊन शोधू म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. चॅनलला लाखभर सदस्य आहेत म्हणूनही फसू नये. जुने व्हिडिओ भलत्याच विषयावरचे, भलत्याच भाषेतले असतील तर तो बहुधा कुणाचा तरी चोरलेला चॅनल असतो.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी तिथूनही ‘Report’ करावं. तसं केलं की त्या संभाषणातले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात आणि समोरच्याला ते कळत नाही. फक्त गप्पांची छायाचित्रं आधी घ्यावीत, नाहीतर पुरावाच पुसला जातो.

एवढं करून उपयोग होतो का? प्रामाणिक उत्तर: एका तक्रारीनं पुष्कळदा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं मेटाची अंतर्गत कागदपत्रं प्रसिद्ध केली. जाहिरातदार फसवा असल्याची ९५ टक्के खात्री होईपर्यंत त्याला बंद केलं जात नाही, खात्री त्याहून कमी असेल तर त्याच्याकडून जाहिरातीचा दर जास्त घेतला जातो, असं त्यांत होतं. २०२३ मध्ये वापरकर्त्यांच्या खऱ्या असलेल्या तक्रारींपैकी ९६ टक्के दुर्लक्षित राहिल्या किंवा चुकीनं फेटाळल्या गेल्या, असा अंदाजही त्यांत नोंदलेला होता. हे चित्र निवडक आणि एकांगी आहे, तक्रारींचं प्रमाण दीड वर्षात निम्म्याहून कमी झालं आहे, असं मेटाचं म्हणणं. दोन्ही बाजू धरल्या तरी ‘ही जाहिरात आमच्या नियमांत बसते’ असं उत्तर आलं म्हणून ती खरी ठरत नाही, एवढं नक्की. त्या बातमीतला आणखी एक तपशील घराघरांत सांगण्यासारखा आहे: फसव्या जाहिरातीवर एकदा बोट ठेवणाऱ्याला तशाच आणखी जाहिराती दिसण्याची शक्यता वाढते, कारण यंत्रणा त्याला तुमची ‘आवड’ समजते. म्हणून नुसतं कुतूहल म्हणूनही बटण दाबू नये.

कंपन्यांवरचा दबाव वाढतो आहे. गूगलनं २०२२ मध्ये भारतातल्या वित्तीय जाहिरातदारांची पडताळणी सुरू केली, आणि २०२५ मध्ये मेटानंही शेअर व गुंतवणुकीच्या जाहिरातींसाठी सेबी नोंदणीची माहिती देणं बंधनकारक केलं. पळवाट अशी की जाहिरातदार आपली जाहिरात ‘शिक्षण’ किंवा ‘मोफत पुस्तक’ म्हणून दाखवतो आणि तपासणाऱ्याला एक पान, वापरकर्त्याला दुसरंच पान उघडून देतो. यंत्राला दिसलेलं पान आणि तुम्हाला दिसलेलं पान यांतला हा फरक सांगू शकतो तो फक्त वापरकर्ता. तक्रार करण्यात अर्थ आहे तो इथे.

जाहिरातदार खरा असतो आणि दावा खोटा, असाही प्रकार असतो. ‘कोर्स करा, शंभर टक्के नोकरी’ म्हणणारा क्लास पळून गेलेला नसतो, तो चौकातच असतो. अशा जाहिरातीची तक्रार जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ‘अॅस्की’कडे, ७७१००१२३४५ या व्हॉट्सअॅप क्रमांकावर करता येते, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच. कोचिंग क्लासनी नोकरीची वा निवडीची खोटी हमी देण्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

सरकार, मंत्री किंवा सरकारी योजनेचं नाव वापरलेला व्हिडिओ ‘पीआयबी फॅक्ट चेक’ला ८७९९७११२५९ या व्हॉट्सअॅप क्रमांकावर पाठवावा. पैसे गेले नसले तरी संशयित संकेतस्थळ, फोन क्रमांक किंवा टेलिग्राम खातं cybercrime.gov.in वर नोंदवता येतं. पैसे गेले असतील तर मात्र मंचाची तक्रार नंतर. आधी १९३० ला फोन. व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, आणि तो वाटेत असेपर्यंतच बँका रोखून धरू शकतात.

मंचानं तक्रार फेटाळली तर तिथेच थांबायचं कारण नाही. माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे मोठ्या मंचांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याला तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचं नाव आणि ईमेल मंचाच्या मदत विभागात असतं. अॅपमधल्या बटणापेक्षा तिथे लिहिलेल्या पत्राला वजन जास्त. त्याचंही उत्तर पटलं नाही, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर ऑनलाइन अपील करता येतं. त्यासाठी मूळ तक्रार आणि कंपनीचं उत्तर, दोन्हींची प्रत लागते. तेव्हा ‘जाहिरात नियमांत बसते’ असं उत्तर आलं तर चिडून पुसून टाकू नका.